अंगठी मिळत नाहीये : पाहुण्यांना पहिलं उत्तर काय लिहायचं?

मोहर्लीजवळ आमचा पाच खोल्यांचा होमस्टे आहे. रविवारी सकाळी गेलेल्या एका ताईंचा काल रात्री व्हॉट्सअॅप आला, "बाथरूममध्ये बेसिनजवळ माझी अंगठी राहिली. आमच्या मागे खोलीत कोण गेलं होतं?" खोली आवरणाऱ्या मावशी नऊ वर्षांपासून आमच्याकडे आहेत. मधे एक रात्र दुसरे पाहुणे राहून गेले, आज मंगळवार म्हणून खोली रिकामी आहे. मी लिहून ठेवलंय, "आमचा स्टाफ शंभर टक्के प्रामाणिक आहे, कृपया तुमच्या बॅगा नीट तपासा." पाठवू का?

नका पाठवू, भाऊ. मी नागपुरात सोळा वर्षं हाउसकीपिंग सांभाळलं आणि आता कोलारा बाजूच्या एका रिसॉर्टवर आहे. तुम्ही लिहिलंय तस्संच वाक्य मीही एकदा पाठवलं होतं. एका हॉटेलात पाहुण्या बाईंच्या कानातलं एक मिळेना, आणि मी मोठ्या अभिमानाने लिहिलं की आमची माणसं विश्वासू आहेत. पाच मिनिटांत उत्तर आलं, "म्हणजे मी खोटं बोलते?" माझ्या मनात तसं काही नव्हतं, पण वाक्याचा अर्थ तोच निघत होता. स्टाफने घेतलं नाही म्हटल्यावर उरतं कोण? तीन आठवड्यांनी बेसिन तुंबलं, प्लंबरने खालची वाटी उघडली, तर कानातलं त्या गाळात. तोवर त्या बाई आमच्यावर लिहायचं ते लिहून मोकळ्या झाल्या होत्या, आणि ती खोली आवरणारी मुलगी काम सोडून गेली होती. तिला कोणी काही बोललं नव्हतं. फक्त सगळे तिच्याकडे बघत होते.

बॅगा तपासा म्हणणंही तसंच. ताईंनी बॅगा चारदा उलट्यापालट्या केल्यावरच तुम्हाला निरोप टाकला असणार. त्या सल्ल्यातून त्यांना एवढंच ऐकू येईल की तुम्ही शोधायला उठणार नाही.

पहिल्या उत्तराच्या वेळी अंगठी कुठे आहे हे तुम्हाला माहीत नाही, ताईंना नाही, मावशींनाही नाही. म्हणून उत्तर असं हवं की अंगठी उद्या नळीत निघो, त्यांच्याच सामानात निघो, की कधीच न निघो, ते तुम्हाला पुन्हा वाचताना खाली बघायला लागू नये. हे सगळं शब्दांवर ठरतं. आपल्या मराठीत "हरवली" म्हटलं की दोष हरवणाऱ्याकडे जातो. "गेली" म्हटलं की कोणीतरी नेली असा वास येतो. आणि ताईंचाच "राहिली" हा शब्द तुम्ही उचललात, तर अंगठी तुमच्या खोलीत होती असं तुम्ही लिहून दिलंत. "मिळत नाहीये" यात कोणाचंच नाव नाही, आणि ते खरंही आहे. तसंच "तुमच्या म्हणण्यानुसार" लिहू नका. ते पंचनाम्यातलं बोलणं वाटतं, विश्वास नाही असं सांगणारं.

पण उत्तर लिहिण्याआधी पाच मिनिटं एक काम करा. खोलीला कुलूप लावा, किल्ली स्वतःकडे ठेवा आणि त्या बेसिनचा नळ कोणालाही उघडू देऊ नका. मंगळवारी ताडोबा बंद, पाहुणे नाहीत, हे तुमचं नशीब. कुठे कचरा जाळत असाल तर तेही आज थांबवा. मग हे पाठवा :

"नमस्कार ताई. तुमचा निरोप मिळाला. अंगठी मिळत नाहीये हे वाचून काळजी वाटली. तुम्ही बेसिनजवळची जागा सांगितलीत, म्हणून शोध तिथूनच सुरू करतोय. खोली आत्ता बंद करून ठेवली आहे. बेसिनखालची नळी, टॉवेल-चादरी, कचरा, जेवणाची जागा आणि तुमची सफारीची जिप्सी, एवढं आज मी स्वतः उभं राहून बघतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रविवारी तुम्ही निघाल्यावर खोली नेहमीप्रमाणे आवरली गेली. त्यानंतर तिथे एक रात्र पाहुणे होते. आज खोली रिकामी आहे. खोलीत कामासाठी गेलेल्या सगळ्यांशी मी आज बोलतोय.

अंगठीचं वर्णन, आतल्या बाजूला काही कोरलेलं असेल तर ते, आणि जमल्यास हातात असतानाचा एखादा फोटो पाठवलात तर शोधायला सोपं जाईल. ती शेवटची बोटात कधी होती हे आठवलं तर तेही कळवा. मधेच तुम्हाला कुठे मिळाली, तर एका शब्दाने सांगा, आम्ही शोध थांबवू. काही सापडो न सापडो, आज संध्याकाळी सहा वाजता मी तुम्हाला फोन करतो."

यातल्या तीन गोष्टी मुद्दाम तशा लिहिल्या आहेत.

एक, खोलीत कोण गेलं या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. तो प्रश्न टाळला की लपवतोय असं वाटतं. पण उत्तरात काम आहे, माणूस नाही. "मावशी गेल्या होत्या" असं लिहिलंत की ताईंच्या मनात चेहरा बसला, मग तो पुसता येत नाही. पुढच्या पाहुण्यांचं नाव-गाव तर अजिबात नाही. पोलिसांनी विचारलं तर त्यांना द्या.

दोन, जिप्सी. तुम्ही सामान तपासा म्हणालात तर त्या दुखावतील, पण तुम्हीच तुमचा शोध जिप्सीपर्यंत नेलात तर त्यांना ती सकाळ आठवते. थंडीत पहाटेच्या सफारीला बोटं आकसतात, सैल झालेली अंगठी हातमोजा ओढताना त्याच्यासोबत निघते, मोजा कोटाच्या खिशात जातो आणि कोट घरी जाऊन कपाटात. हे मी एकदा नाही, तीनदा पाहिलंय. आणि अशा वेळी "एका शब्दाने सांगा" हे वाक्य कामी येतं. अंगठी स्वतःकडेच सापडल्यावर माणसाला लाज वाटते, आणि परतीची वाट सोपी ठेवली नसेल तर तो गप्प बसतो. तुम्ही इकडे आठवडाभर कचरा चाळत राहता.

तीन, वेळ. "लवकरात लवकर कळवतो" याला काही अर्थ नाही. सहा म्हटलं तर सहाला फोन गेलाच पाहिजे, हातात काही नसलं तरी.

पोलिसांचा उल्लेख या पहिल्या निरोपात मी केलेला नाही. त्यांनी विचारण्याआधी आपण "हवं तर तक्रार करा" म्हटलं की ते आव्हान दिल्यासारखं वाटतं. रिसेप्शनवरची "मौल्यवान वस्तूंची जबाबदारी व्यवस्थापनाची नाही" ही पाटीही आत्ता दाखवू नका. ती पाटी तुम्ही समजता तेवढी मजबूत नाही. पार्किंगसाठी हॉटेलच्या माणसाच्या हाती दिलेली गाडी चोरीला गेली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली सांगितलं की ताब्यात घेतलेल्या वस्तूची काळजी न घेता नुसत्या "मालकाच्या जोखमीवर" या सूचनेमागे हॉटेलला लपता येत नाही. खोलीत पाहुण्याने स्वतःजवळ ठेवलेली अंगठी आणि काउंटरवर तुमच्या हाती दिलेली अंगठी यात फरक आहेच. पण तो फरक वकिलासमोर काढायचा, पहिल्या निरोपात नाही.

आता शोध. इथे बहुतेक जण घाई करतात आणि मावशींनाच म्हणतात, "जा, एकदा बघून या." हे कधीच करू नका, आणि ते मावशींसाठीच. समजा त्या एकट्या गेल्या आणि अंगठी घेऊन आल्या. बघणारे काय म्हणतील? "बोंब झाली तशी आणून ठेवली." म्हणून शोधायला नेहमी दोघं, त्यातले एक तुम्ही स्वतः, आणि दुसरा असा ज्याने ती खोली आवरलेली नाही.

सुरुवात बेसिनखालून. नळ न सोडता खाली बादली ठेवा. वाकड्या नळीला किंवा बाटलीसारख्या भागाला खाली जी वाटी असते, ती हाताने फिरवून निघते. घट्ट असेल तर फडकं गुंडाळून फिरवा, पाना लावला तर प्लास्टिकचे आटे जातात. सोनं जड असतं, नळीत पडलं की पाण्यासोबत सहसा पुढे जात नाही, त्या वाटीतल्या केसांच्या आणि साबणाच्या गाळात बसतं. तो गाळ बादलीत न ओतता जुन्या चाळणीवर घ्या. मधे दुसरे पाहुणे एक रात्र नळ वापरून गेले म्हणून निराश होऊ नका, माझं कानातलं तीन आठवडे वापरात असलेल्या नळीत होतं. मग फरशीवरची जाळी उचलून तिथला गाळ तसाच चाळा.

त्यानंतर टॉवेल. बेसिनजवळची छोटी वस्तू बहुतेक वेळा हात पुसायच्या टॉवेलसोबत उचलली जाते आणि गाठोड्यात जाते. रविवारचं गाठोडं अजून धुवायचं असेल तर ते उघड्या चादरीवर एकेक कपडा झटकत मोकळं करा, उशीचे अभ्रे उलटे करून. धोब्याकडे गेलं असेल तर स्वतः जा. फोनवर विचारलं की तोही "मी नाही घेतली" असंच म्हणेल, कारण त्याला प्रश्न तसाच ऐकू येतो. तिथे जाऊन धुण्याची टाकी आणि तिची जाळी बघायची आहे एवढंच सांगा.

कचरा शेवटी. आपल्याकडे गावात बरेच जण तो मागच्या खड्ड्यात टाकून संध्याकाळी पेटवतात. पेटवला असेल तरी राख फेकू नका. सोनं 1064 अंशांवर वितळतं, पालापाचोळ्याच्या आणि कागदाच्या आगीत ते काळं पडेल, पण राहील. राख थंड झाल्यावर पिठाच्या जुन्या चाळणीने चाळा.

कॅमेरा असेल तर तो खोलीत नसतो, अंगणात किंवा रिसेप्शनला असतो. तिथे चोर शोधायला बसू नका, तुम्हाला फक्त किती वाजता कोण त्या बाजूला गेलं याचा क्रम हवा आहे. पण रविवारचं चित्रण आजच पेनड्राइव्हवर काढून ठेवा, डिस्क भरली की मशीन जुनं पुसून त्यावर नवं घेतं. आणि मशीनचं घड्याळ तुमच्या मोबाइलशी जुळवून बघा. आपल्याकडे लाइट जाते-येते, त्यात अनेक मशीनची वेळ भरकटते. माझ्याकडचं एकदा चाळीस मिनिटं मागे निघालं, आणि त्या चाळीस मिनिटांमुळे आम्ही खोलीत अजून पाहुणे असतानाच सफाईचा पोरगा आत शिरला असं समजून बसलो होतो. फरक कागदावर लिहून ठेवा. हे चित्रण पाहुण्यांना पाठवू नका, त्यात दुसरे पाहुणे आणि तुमची माणसं दिसतात.

आता मावशींशी बोलणं. हे उत्तर लिहिण्याइतकंच जपून करायचं आहे. तुमचं गाव दीडशे-दोनशे उंबऱ्यांचं असेल. तिथे "मालकाने विचारलं" एवढं दुपारी बोललं की संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळ त्याचं "मालकाने पकडलं" झालेलं असतं. म्हणून फक्त त्यांनाच बोलवू नका. खोलीत गेलेला प्रत्येक जण घ्या : सामान उचलणारा पोरगा, गिझर बघायला आला असेल तर तो, चहा नेणारा, तुमच्या घरचे, आणि तुम्ही स्वतः. एकेकट्याशी बोला, प्रश्न सगळ्यांना तेच, आणि तुमचंही उत्तर त्याच वहीत पहिल्या ओळीत लिहा. त्यांना ती वही दिसू द्या.

प्रश्न "अंगठी पाहिली का" हा नाही. त्याचं उत्तर "नाही" हेच येणार आणि बोलणं तिथेच संपणार. विचारायचं असं, "मावशी, त्या खोलीतल्या ताईंची अंगठी मिळत नाहीये. रविवारी तुम्ही आत गेल्यापासून काय काय केलं ते मला क्रमाने सांगा. आधी काय उचललं, टॉवेल कुठे टाकले, बेसिन कशाने पुसलं, कचरा कोणी नेला?" त्या पहिल्यांदा विचारतील, "माह्यं नाव घेतलं का त्यायनं?" तेव्हा खरं सांगा की नाव कोणाचंच घेतलेलं नाही, मी सगळ्यांना हेच विचारतोय, ही बघा वही. एकदा भीती गेली की हातांना आठवतं. आमच्याकडच्या एका बाईने सांगितलं होतं की बेसिन पुसताना काहीतरी टिंग वाजलं, तिला टूथपेस्टचं झाकण वाटलं आणि तिने पाणी सोडलं. "तू घेतलीस का" असं विचारलं असतं तर हे टिंग तिने जन्मात सांगितलं नसतं.

पिशवी तपासणं, अंग चाचपणं, मोबाइल बघणं, घरी जाऊन येणं, पगारातून कापण्याची भाषा करणं, यातलं काहीही नाही. ती झडती घ्यायचा तुम्हाला अधिकार नाही. माणसाला खोलीत बसवून ठेवलं तर उलट तुमच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. त्या स्वतःहून "माही पिशवी पाहा" म्हणाल्या तरी बघू नका. आज एकीने दाखवली की उद्या न दाखवणारा चोर ठरतो.

संध्याकाळी सहाला फोन करा, आणि फोननंतर तेच थोडक्यात लिहून पाठवा. काही मिळालं नसेल तर मी असं लिहीन :

"ताई, फोनवर बोलल्याप्रमाणे, आज बेसिनची नळी आणि फरशीची जाळी उघडून पाहिली, रविवारचे सगळे कपडे झटकले, कचरा चाळला, जिप्सीच्या सीटखाली पाहिलं. अंगठी अजून मिळालेली नाही. खोलीत गेलेल्या सगळ्यांशी बोललो आहे. धोब्याकडची टाकी उद्या बघतो आणि उद्या दुपारी चारपर्यंत कळवतो. आमच्याकडच्या नोंदी आणि कॅमेऱ्याचं त्या दिवसाचं चित्रण जपून ठेवलं आहे. तुम्हाला पोलिसांत नोंद करावीशी वाटली तर तुम्ही आहात तिथल्या ठाण्यातही करता येते, इथे यायलाच हवं असं नाही. आमच्याकडून लागेल ती माहिती आम्ही त्यांना देऊ."

पोलिसांचा मुद्दा इथे येतो, कारण आता तुम्ही काहीतरी करून दाखवलेलं आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, मग ते प्रकरण हद्दीतल्या ठाण्याकडे पाठवतात. पुण्याला किंवा हैदराबादला परत गेलेल्या पाहुण्यांना हे माहीत नसतं. तक्रार मात्र त्यांनीच करायची. वस्तू त्यांची, तिची किंमत आणि पावती त्यांच्याकडे. तुम्ही तक्रार करायला गेलात तर ठाण्यात पहिला प्रश्न येईल, "तुमचा संशय कोणावर?" आणि तुमच्या तोंडून एक नाव निघेल.

पैशाचं काय? बऱ्याच मालकांना वाटतं, पाच-दहा हजार देऊन मिटवावं. अंगठी त्याहून महाग असेल तर ताईंचं समाधान होत नाही, आणि गावात अर्थ निघतो की मालकाने मावशींचं पाप भरलं. अंगठीच्या किमतीबद्दल तोंडी काही कबूल करू नका. फार तर नंतर, शोध संपल्यावर, पुढच्या वेळी एक रात्र आमच्याकडे या असं म्हणा. तेही त्या स्वतः शांत झाल्या असतील तरच.

सापडली तर घाई करू नका. आधी फोटो पाठवून "हीच का?" विचारलं तर कोणीही हो म्हणेल. सकाळी त्यांनी दिलेलं वर्णन, आत कोरलेलं अक्षर किंवा तारीख, त्याच्याशी तुम्ही जुळवा. कोणी, कुठे, कोणासमोर काढली ते वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या, मग फोन करा. साध्या कुरिअरने सोनं पाठवू नका, अनेक कुरिअरवाले दागिने घेतच नाहीत. पोस्टात विम्यासह पाठवायची सोय आहे का ते विचारा. नाहीतर ताईंनी लेखी कळवलेल्या माणसाच्या हाती, त्याचं ओळखपत्र पाहून, सही घेऊन द्या.

आणि निकाल काहीही लागो, वहीत ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना त्याच दिवशी, एकत्र बोलावून सांगा. नळीत निघाली तर ती नळी त्यांना दाखवा. ताईंच्या हातमोज्यात निघाली तर फक्त "मिळाली" एवढंच सांगा, कुठे ते नाही. नाहीच मिळाली तर तेही सगळ्यांसमोर सांगा, आणि दुसऱ्या दिवशी त्या खोलीची किल्ली मावशींच्याच हातात द्या.